सोळा जीबीचं लग्न फोनमध्ये कसं मावायचं?

लग्न होऊन काही दिवस झाले, की फोटोग्राफरकडून व्हॉट्सॲपवर एक लिंक येते. ‘सगळे फोटो टाकलेत, डाउनलोड करून घ्या.’ लिंक फॅमिली ग्रुपवर पुढे जाते आणि संध्याकाळपर्यंत तक्रारी सुरू होतात. काकांचं डाउनलोड जवळजवळ संपत आलेलं असताना तुटतं. मावशीच्या फोनमध्ये फाइल पूर्ण उतरलेली दिसते, पण उघडत नाही. आतेभावाच्या फोनमध्ये फाइल उघडते, चार-पाचशे फोटो बाहेर येतात आणि मग जागा संपल्याची सूचना येते. ‘नेट खराब’, ‘फोन जुना’ असं म्हणून विषय मागे पडतो. काही दिवसांनी लिंकची मुदत संपते आणि फोटो फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवरच राहतात.

या तीन तक्रारींची तात्कालिक कारणं वेगवेगळी आहेत, पण मूळ एकच आहे. हजारो फोटो एकाच झिप फाइलमध्ये बांधून पाठवले, म्हणून हे होतं. फाइलची रचना समजून घेतली तर अडलेले फोटो बऱ्याचदा सोडवता येतात, आणि पुढच्या वेळी फोटो कसे मागायचे तेही कळतं.

झिप केल्याने फोटो लहान होत नाहीत

झिप ही पद्धत अमेरिकेतल्या फिल कॅट्झ या प्रोग्रॅमरने 1989 मध्ये आणली. त्या काळी फाइली फ्लॉपीवर ठेवायच्या आणि टेलिफोनच्या तारेवरून पाठवायच्या असत. मजकुरात किंवा हिशेबाच्या तक्त्यांत तेच ते शब्द आणि आकडे पुन्हा पुन्हा येतात. झिप अशा पुनरावृत्तीच्या जागी छोटी खूण ठेवते, त्यामुळे मजकुराची फाइल निम्म्याहूनही लहान होऊ शकते.

कॅमेऱ्यातून आलेल्या जेपीजी फोटोत मात्र अशी पुनरावृत्ती शिल्लकच नसते. डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळून आणि उरलेले घट्ट बांधून जेपीजीने ते काम आधीच उरकलेलं असतं. त्यावर झिप केलं तर शेकडा एखाददुसरा टक्का वाचला तर वाचतो. म्हणजे सात एमबीचा फोटो झिपमध्येही जवळजवळ सात एमबीचाच राहतो. फोटोंच्या बाबतीत झिप हे फक्त गाठोडं आहे. पाठवणाऱ्याला एकच फाइल हाताळावी लागते ही त्याची सोय, आणि घेणाऱ्याला सगळं एकदम उचलावं लागतं ही अडचण.

यादी सगळ्यात शेवटी

झिप फाइलच्या आत फोटो एकामागोमाग एक ठेवलेले असतात. प्रत्येक फोटोच्या आधी त्याचं नाव आणि इतर माहितीची छोटी नोंद असते. सगळे फोटो संपले, की अगदी शेवटी संपूर्ण यादी येते. कोणता फोटो फाइलमध्ये कुठे सुरू होतो, किती मोठा आहे, कोणत्या फोल्डरमधला आहे, हे सगळं त्या यादीत असतं. फोनवरची बहुतेक ॲप्स झिप उघडताना आधी शेवटाला जाऊन ही यादी वाचतात आणि मग फोटो शोधतात.

आता सोळा जीबीपैकी पंधरा जीबी उतरल्यावर डाउनलोड तुटलं असं धरा. दोन हजारांहून जास्त फोटो फोनमध्ये अगदी सुखरूप पोचलेले असतात. न पोचलेल्या शेवटच्या तुकड्यातच यादी असते, त्यामुळे ॲपला फाइल झिप म्हणून ओळखताच येत नाही. ते `Can't open file` किंवा `Unexpected end of archive` असं सांगून मोकळं होतं. उघडत नसलेली झिप आत रिकामी किंवा पूर्ण खराब असेलच असं नाही, हे यातून लक्षात घ्यायचं.

याच रचनेचा एक फायदाही आहे. झिपमधला प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे बांधलेला असतो. यादी हाती आली, की मधले हजार फोटो न सोडवता नेमका हवा तो एकच बाहेर काढता येतो. फोटो झिपमधून भागाभागाने काढणं शक्य होतं ते यामुळेच. काही 7z आणि rar फाइलींमध्ये ही सोय नसते. तिथे सगळ्या फाइली सलग एकत्र दाबलेल्या असू शकतात आणि शेवटचा फोटो हवा असेल तर आधीचं सगळं उलगडावं लागतं. म्हणून फोटोंसाठी साधी झिपच बरी.

डाउनलोड मधेच का तुटतं

सेकंदाला अडीच एमबी असा वेग सलग मिळाला, तरी सोळा-सतरा जीबी उतरायला दोन तासांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात फोनवर बरंच काही घडतं. माणूस घराबाहेर पडतो आणि फोन वायफायवरून मोबाइल डेटावर जातो. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी वाचवणारी व्यवस्था मागे चाललेलं काम थांबवते. आपल्याकडच्या अनेक रिचार्जमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो, तो संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने सात एमबीचा एक फोटो उतरायला जवळजवळ पंधरा मिनिटं लागतात. डाउनलोड चालू दिसतं, पण पुढे सरकत नाही आणि शेवटी सर्व्हरच जोडणी तोडतो.

तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे चालू होईल का, हे समोरच्या सर्व्हरवर अवलंबून असतं. झिप आधीच तयार करून ठेवलेली असेल, तर बहुधा ‘अमुक बाइटपासून पुढचं दे’ असं सर्व्हरला सांगता येतं आणि ब्राउझरमधलं `Resume` काम करतं. काही सेवा मात्र आपण बटण दाबल्यावर फोटो गोळा करत, झिप बांधत बांधतच पाठवतात. तिथे पूर्ण फाइल कुठेच ठेवलेली नसते, त्यामुळे तुटली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. हे सुरुवातीलाच ओळखता येतं. डाउनलोडच्या सूचनेत ‘16 जीबीपैकी 2 जीबी’ असं दिसत असेल तर आशा आहे. नुसतंच ‘2 जीबी’ दिसत असेल, एकूण आकडा किंवा टक्केवारी नसेल, तर एकूण आकार सर्व्हरने सांगितलेलाच नाही. असं डाउनलोड मोबाइल डेटावर सुरूच करू नये.

आणखी एक गोष्ट बघायची. `.zip` नावाची फाइल काही सेकंदांत उतरली आणि ती फक्त काही केबीची निघाली, तर ती झिप नव्हेच. लिंकची मुदत संपल्याचं, लॉगिन करण्याचं किंवा डाउनलोडची मर्यादा ओलांडल्याचं वेब पान झिपच्या नावाने जतन झालेलं असतं. ती फाइल पुसून लिंक ब्राउझरमध्ये उघडली, की खरं कारण वाचायला मिळतं.

जागेचा हिशेब

आता एक उदाहरण पुरतं सोडवू. साखरपुड्याचे 300 फोटो, हळदीचे 500, लग्नाचे 1,100 आणि रिसेप्शनचे 500 असे मिळून 2,400 फोटो आहेत. सरासरी एक फोटो सात एमबीचा धरला तर एकूण 16.8 जीबी होतात. फोनमध्ये 20 जीबी जागा मोकळी आहे, म्हणजे वरवर पाहता पुरेशी आहे.

एकच झिप उतरवली तर 16.8 जीबी भरतात आणि 3.2 जीबी उरतात. उलगडताना मूळ झिप जागच्या जागी राहते आणि फोटोंची दुसरी प्रत तयार होते. उरलेल्या 3.2 जीबीमध्ये साडेचारशेच्या आसपास फोटो मावतात. फोन स्वतःसाठी थोडी जागा राखून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. साखरपुडा बाहेर येतो, हळद लागायला सुरुवात होते आणि काम थांबतं. थांबताना जो फोटो लिहिला जात होता, तो गॅलरीत वरून नीट आणि खाली करडा दिसतो. असा अर्धा फोटो दिसला तर घाबरू नये, झिपमधली मूळ प्रत शाबूत असते. तो अर्धा फोटो पुसायचा आणि तिथून पुढे काढायचे. एकच झिप पूर्ण उलगडायची तर तिच्या दुप्पट, म्हणजे 33.6 जीबी मोकळी जागा लागते.

हेच फोटो समारंभाप्रमाणे वेगळ्या झिप करून आले तर काय होतं ते बघू. लग्नाचे फोटो जास्त आहेत, म्हणून त्यांच्या 550 फोटोंच्या दोन झिप, प्रत्येकी 3.85 जीबीच्या. हळद आणि रिसेप्शन प्रत्येकी साडेतीन जीबी, साखरपुडा 2.1 जीबी. एक झिप उतरवायची, उलगडायची, फोटो तपासायचे, झिप पुसायची आणि मग पुढची घ्यायची. क्रम मात्र मोठ्याकडून लहानाकडे असावा. सुरुवातीला जागा जास्त असते, तेव्हा मोठी झिप आणि तिची प्रत सहज मावते. लग्नाचे दोन्ही भाग आधी, मग हळद, मग रिसेप्शन आणि शेवटी साखरपुडा असं केलं, तर सगळ्यात जास्त जागा शेवटचा भाग उलगडताना लागते. तेव्हा आधीचे 14.7 जीबी फोटो, 2.1 जीबीची झिप आणि तिची तेवढीच प्रत मिळून 18.9 जीबी होतात. वीस जीबीमध्ये काम पार पडतं. शेवटी लग्न घेतलं असतं, तर त्याचा दुसरा भाग उलगडताना 20.65 जीबी लागले असते आणि फोन अगदी शेवटच्या पायरीवर अडला असता.

प्रत्येक झिप चार जीबीच्या आत ठेवण्याला आणखी एक कारण आहे. मूळ झिप पद्धतीत फाइलचा आकार लिहायची जागा चार जीबीपुरतीच होती. पुढे ती मर्यादा वाढवली गेली, पण काही जुन्या ॲप्सना वाढीव रचना वाचता येत नाही आणि धडधाकट फाइलही ती ‘खराब’ ठरवतात. शिवाय 32 जीबीपर्यंतची मेमरी कार्डं आणि बरेच पेन ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यांच्यावर चार जीबीहून मोठी एक फाइल ठेवताच येत नाही, मग कार्ड पूर्ण रिकामं असलं तरी.

पूर्ण झिप आली, जागा नाही

समजा सोळा जीबीची झिप फोनमध्ये सुखरूप उतरली आहे आणि उलगडायला जागा नाही. तेव्हा `Extract all` किंवा `Extract here` दाबू नका. अँड्रॉइडवर `ZArchiver` सारखं ॲप झिप न उलगडता आतली यादी दाखवतं. त्यात झिपवर टॅप करून `View` निवडलं, की समारंभांचे फोल्डर दिसतात. हवा तो फोल्डर किंवा त्यातले शे-दोनशे फोटो निवडायचे आणि तेवढेच बाहेर काढायचे. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ठिकाण म्हणून थेट कार्डच निवडावं. मग झिप फोनमध्ये राहते, फोटो कार्डवर जातात आणि दुप्पट जागेचा प्रश्नच उरत नाही. ओटीजी केबलने जोडलेला पेन ड्राइव्हही चालतो.

काढलेले फोटो झिपमधून पुसत गेलो तर जागा होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण झिपमधून काही वगळायचं तर बहुतेक ॲप्स उरलेल्या फोटोंची नवी झिप लिहितात आणि मग जुनी पुसतात. जागा मोकळी होण्याआधी तेवढीच आणखी जागा लागते, म्हणून हा उपाय अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. तसंच गॅलरीतून पुसलेले फोटो काही दिवस कचरापेटीत पडून राहतात आणि जागा अडवतात. कचरापेटी रिकामी करेपर्यंत मोकळ्या जागेचा आकडा हलत नाही.

आयफोनच्या `Files` ॲपमध्ये झिपवर टॅप केलं, की ती पूर्ण उलगडते. म्हणून मोठी झिप आयफोनवर घेण्याऐवजी लॅपटॉपवर घेऊन एकेक फोल्डर फोनवर न्यावा. लॅपटॉप उपलब्ध असेल तर अँड्रॉइडसाठीही हाच मार्ग सर्वांत खात्रीचा. झिप लॅपटॉपवर उतरवायची, तिथेच उलगडायची आणि केबल लावून, फोनवर `File transfer` निवडून, फोल्डर फोनच्या `Pictures` मध्ये टाकायचे. भलत्याच फोल्डरमध्ये टाकलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत, आणि ते आलेच नाहीत असं वाटून माणूस पुन्हा डाउनलोड करत बसतो.

अर्धवट उतरलेली झिप असेल तर ती पुसण्याआधी लॅपटॉपवर `7-Zip` मध्ये उघडून बघावी. शेवटची यादी नसली तरी प्रत्येक फोटोआधी असलेल्या छोट्या नोंदी वाचत हा प्रोग्रॅम पुढे जातो आणि जेवढे फोटो पोचलेत तेवढे बऱ्याचदा बाहेर काढून देतो. अँड्रॉइडवर `RAR` ॲपमध्ये दुरुस्तीची सोय आहे, पण ती दुरुस्त केलेली नवी फाइल लिहिते, म्हणून तिलाही जागा हवी. उलगडताना एखाद्या फोटोपाशी `CRC` ची चूक दिसली, तर तो एक फोटो वाटेत बिघडला आहे असं समजावं. प्रत्येक फोटोसोबत तपासणीचा एक आकडा ठेवलेला असतो आणि तो जुळला नाही की ही सूचना येते. बाकीचे फोटो ठीक असतात. बिघडलेल्याचा क्रमांक टिपून तेवढाच फोटो पुन्हा मागवावा.

001 नावाचे दोन प्रकार

भागांमध्ये आलेल्या फाइलींच्या नावांमुळे बराच गोंधळ होतो. संगणकावरून गूगल ड्राइव्हचा मोठा फोल्डर डाउनलोड केला, तर नावाच्या शेवटी `-001.zip`, `-002.zip` असलेल्या अनेक फाइली येऊ शकतात. यातली प्रत्येक फाइल स्वतंत्र आणि पूर्ण झिप असते. एकेक उतरवावी, उलगडावी आणि पुसावी. एकाच समारंभाचे फोटो दोन फाइलींत विखुरलेले असू शकतात, एवढंच लक्षात ठेवायचं.

दुसऱ्या प्रकारात नाव `.zip.001`, `.zip.002` असं असतं, किंवा `.part1.rar`, `.part2.rar`. इथे एकच मोठी फाइल कापून तिचे तुकडे केलेले असतात. सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये, नावं न बदलता ठेवायचे आणि फक्त पहिला उघडायचा, बाकीचे ॲप स्वतः जोडून घेतं. एक तुकडा जरी कमी असला तरी काम अडतं. शिवाय सगळे तुकडे आणि फोटोंची प्रत यांना एकाच वेळी जागा द्यावी लागते, म्हणजे पुन्हा दुप्पट जागा आलीच. डाउनलोड सोपं झालं तरी फोनमधल्या जागेचा प्रश्न या प्रकाराने सुटत नाही. म्हणून फोटोग्राफर ‘पार्ट करून देतो’ म्हणाला, तर स्वतंत्र झिप की तुकडे, हे विचारून घ्यावं.

फोटोग्राफरला काय सांगायचं

सगळे फोटो फोनवर हवेतच का, हाही प्रश्न आहे. बहुतेकदा लिंक येते ती छापील अल्बमसाठी फोटो निवडायला. त्यासाठी मूळ आकाराची गरज नसते, फोटोग्राफरला फक्त फोटोचे क्रमांक हवे असतात. लांब बाजू 2,000 पिक्सेलच्या आसपास ठेवून केलेली लहान प्रत फोनच्या पडद्यावर स्वच्छ दिसते आणि तिचा आकार साधारण पाऊण एमबी होतो. मग 2,400 फोटो 1.8 जीबीमध्ये बसतात. निवड त्यावर करावी आणि मूळ फोटो सवडीने हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावेत. फोटो लहान करताना फाइलचं नाव बदलू नका, हे मात्र बजावावं, नाहीतर क्रमांक जुळत नाहीत.

लग्नाला दोन कॅमेरे असतील तर नावांची आणखी एक काळजी घ्यावी लागते. एकाच बनावटीच्या दोन्ही कॅमेऱ्यांत `DSC_0412.JPG` असू शकतो. दोन झिप एकाच फोल्डरमध्ये उलगडल्या तर ॲप जुन्यावर नवा लिहू का असं विचारतं, आणि घाईत ‘हो’ म्हटलं की एक फोटो नाहीसा होतो. प्रत्येक झिप वेगळ्या फोल्डरमध्ये काढली, की हा धोका टळतो.

म्हणून लिंक तयार होण्याआधीच फोटोग्राफरला असा निरोप पाठवता येईल: ‘समारंभाप्रमाणे वेगळे फोल्डर करा. झिप करणार असाल तर प्रत्येक स्वतंत्र आणि चार जीबीच्या आत ठेवा. फोल्डर झिप न करताही बघता येईल असा उघडा ठेवा. निवडीसाठी लहान प्रत द्या, नावं बदलू नका. प्रत्येक फोल्डरमध्ये किती फोटो आहेत ते लिहून पाठवा.’ उघडा फोल्डर असेल तर आजीला झिपच्या वाटेला जावंच लागत नाही. ड्राइव्हच्या ॲपमध्ये एका फोटोवर बोट दाबून धरायचं, आणखी हवे ते निवडायचे आणि तेवढेच डाउनलोड करायचे. एखादा अडला तर फक्त तोच पुन्हा घ्यायचा.

निरोपातलं शेवटचं वाक्य तितकंच गरजेचं आहे. हळदीच्या फोल्डरमध्ये 500 फोटो आहेत हे माहीत असेल, तर उलगडल्यानंतर गॅलरीतला आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. तो 500 असेल आणि शेवटचे चार-पाच फोटो पूर्ण उघडत असतील, तरच झिप पुसावी. आकडा कमी भरला तर लिंक चालू असतानाच त्याच फोल्डरमधले राहिलेले फोटो घ्यावेत.